किलबिलाट नेमका कुठला? अनुकरणवाचक आणि भाववाचक शब्द वाक्यात ओळखताना

रामबागेत आमच्या घरी रविवारी सकाळी दहा-बारा मुलं मराठी वाचायला येतात. बहुतेक सगळी इंदौरातच जन्मलेली, शाळा हिंदी किंवा इंग्रजी, मराठी फक्त घरची. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं वही पुढे केली. तिच्या शाळेत मराठीची वैकल्पिक चाचणी झाली होती आणि त्यात प्रश्न होता: ‘किलबिलाट हा शब्द अनुकरणवाचक की भाववाचक?’ तिनं भाववाचक लिहिलं होतं. त्यावर लाल फुली होती आणि शेजारी ‘अनुकरणवाचक’ असं लिहिलेलं होतं. “मावशी, हिंदीत तर चहचहाहट भाववाचक संज्ञा आहे, मग मराठीत का नाही?” असं तिनं विचारलं.

तिचं उत्तर बरोबर होतं आणि तपासणाऱ्याचंही बरोबर होतं. चूक प्रश्नातल्या ‘की’ या शब्दात होती. त्या दिवसापासून मी हा भाग ज्या क्रमानं शिकवते, तोच इथे लिहिते आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

अनुकरणवाचक हे नाव शब्द कसा घडला ते सांगतं. आवाज ऐकला, तोंडानं तसाच काढला, त्याचा शब्द झाला. मराठी व्याकरणात हा विषय शब्दसिद्धीत येतो. अभ्यस्त शब्दांचे, म्हणजे दुहेरी घडणीच्या शब्दांचे, पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे तीन प्रकार शाळेत शिकवतात, त्यातला हा तिसरा.

भाववाचक हे नाव शब्दाची जात सांगतं, आणि तीही फक्त नामाची. वस्तूचं किंवा प्राण्याचं नाव नसून त्याच्या गुणाचं, अवस्थेचं किंवा क्रियेचं नाव असेल तर ते भाववाचक नाम. गोडवा हातात धरता येत नाही, पेढा धरता येतो. तसंच चिमणी दाखवता येते, तिचा चिवचिवाट वेगळा काढून दाखवता येत नाही.

म्हणून किलबिलाट घडणीनं अनुकरणवाचक आणि जातीनं भाववाचक नाम. जसं एखादा माणूस गावानं इंदौरचा आणि पेशानं शिंपी असतो, तसं. ‘इंदौरचा की शिंपी’ असं कोणी विचारत नाही.

एकदा हे दोन प्रश्न सुटे झाले की चारही जोड्या दिसू लागतात. किलबिलाट दोन्ही आहे. गोडवा भाववाचक आहे, अनुकरणवाचक नाही. फटफटी अनुकरणवाचक आहे, कारण तिचं नावच इंजिनाच्या फट्‌फट्‌ आवाजावरून पडलं, पण ती दारात उभी करता येते, म्हणून सामान्यनाम. बाळाचा खुळखुळा तसाच. आणि पेढा दोन्ही नाही.

मुलांना मी अनेकवचन करून बघायला सांगते. फटफट्या होतात, खुळखुळे होतात. किलबिलाटाचं, गडगडाटाचं अनेकवचन आपण करत नाही. भाववाचक नामाची ही चांगली खूण आहे. गुदगुल्या आणि झिणझिण्या मात्र या खुणेला जुमानत नाहीत. ते शब्द आपण बोलतोच मुळी अनेकवचनात, तेवढे दोन लक्षात ठेवायचे.

पहिली पायरी: शब्द मधोमध तोडून बघा

वाक्यात दुहेरी दिसणारा शब्द आला की मुलं लगेच त्याखाली रेघ मारतात. पण दुहेरी दिसतं ते सगळं अनुकरण नव्हे. शब्द मधोमध तोडायचा आणि अर्धा तुकडा त्याच अर्थानं एकटा उभा राहतो का ते बघायचं.

‘हळूहळू’ तोडला तर ‘हळू’ उरतं, आणि हळू चालणं म्हणजे तेच. हा पूर्णाभ्यस्त, अनुकरण नाही. ‘दगडबिगड’ तोडला तर ‘दगड’ उभा राहतो, ‘बिगड’ पडतो. हा अंशाभ्यस्त. ‘सळसळ’ तोडला तर ‘सळ’ राहतो. सळ शब्द मराठीत आहे, पण पानांच्या सळसळीशी त्याचा काही संबंध नाही. ‘वटवट’मधला वट आणि ‘कडकड’मधली कड यांचंही तेच. म्हणून नुसता तुकडा कोशात सापडतो का, एवढं बघून भागत नाही. तो त्याच अर्थाचा हवा.

इथे एक शब्द हमखास फसवतो, तो म्हणजे जळजळ. पोटात जळजळ, डोळ्यांत जळजळ. आकार अगदी सळसळसारखा. पण ‘जळ’ हे जळण्यातलंच आहे, अर्थ तोच. म्हणजे जळजळ हे आवाजाचं अनुकरण नाही, जळणं दुप्पट केलेलं आहे. त्याच्याच शेजारचा शब्द घ्या, घशाची खवखव. ‘खव’ला खवखवण्याच्या अर्थाचं वेगळं आयुष्य नाही. दोन्ही दुखण्याचेच शब्द, पण घडण वेगळी.

उलटंही होतं. दुहेरी नसलेले अनुकरणशब्द मुलांच्या नजरेतून निसटतात: धाडकन, टपकन, खळ्‌कन, भुर्रकन. इथे ‘कन’ या शेपटीवर डोळा ठेवायचा. बोलण्यात ‘दिशी’ही येतं, धाडदिशी. या शेपटीचं काम फार नेमकं आहे. ती आवाज एकदाच झाला असं सांगते. ‘नळातून टपकन थेंब पडला’ म्हणजे एक थेंब. ‘नळ टपटप गळत होता’ म्हणजे गळतोच आहे. दुहेरी शब्द आवाज चालू ठेवतो, ‘कन’ तो तोडून टाकते. म्हणून ‘रात्रभर टपकन पाणी गळत होतं’ हे वाक्य कानाला खटकतं, आणि का खटकतं ते मुलांना सांगता आलं की हा भाग पुन्हा शिकवावा लागत नाही.

एकदाच झालेला मोठा आवाज दाखवायची आणखी एक जुनी रीत आहे. मधला स्वर लांब करायचा. कडकड म्हणजे पुन्हा पुन्हा, पण ‘वीज कडाडली’ म्हणजे एकच जबरदस्त आवाज. तोफ धडाडते, तिथेही तसंच.

दुसरी पायरी: कानाला ऐकू येतंय का?

आता दुसरा प्रश्न. वाक्यातल्या त्या जागी उभं राहिलं तर हा आवाज खरंच ऐकू येईल का? ही पायरी मला सर्वांत आवडते, कारण एकच आकार कानापासून निघून शरीरात आणि मनात कुठवर जातो ते इथे दिसतं.

एक ओळ मी फळ्यावर लिहिते: कुरकुर, करकर, खरखर, घरघर, गरगर. प्रत्येकासाठी मुलांनी वस्तू शोधायची. जुना पाळणा कुरकुरतो. नवे बूट करकर वाजतात. सर्दीनं घसा खरखरतो. आजारी माणसाच्या छातीत घरघर होते. इथपर्यंत कान भरतो, आणि मोठ्यानं म्हणून पाहिलं तर आवाज पायरीपायरीनं जाड होत जातो तेही कळतं. मग गरगर. पंखा गरगर फिरतो. पंख्याचा आवाज असतो, पण तो गरगर असा नसतो. गरगर हे फिरण्याचं चित्र आहे. आणि ‘उन्हातून आल्यावर डोकं गरगरतं’ यात तर बाहेर काहीच फिरत नाही.

बांगड्या, तलवार आणि घंटा यांची तिकडीही अशीच आहे. बांगड्या किणकिणतात, तलवारी खणखणतात, घंटा घणघणते. क, ख, घ. नाजूक धातूपासून जड धातूपर्यंत. मुलांनी टेबलावर चमचा, उलथणं आणि पितळेचं पातेलं वाजवून बघितलं आणि कुठल्या शब्दाला कुठलं भांडं लावायचं यावर अर्धा तास वाद घातला. पातेल्याला शेवटी ‘ठणठण’ मिळालं.

कानाला ऐकू येत नाही पण घडण तीच, अशा शब्दांचे तीन ढीग मी करते. डोळ्यांना दिसणारे: चांदण्या लुकलुकतात, भांडी लखलखतात. अंगाला जाणवणारे: गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, हात शिवशिवतात. मनाला लागणारे: हुरहुर, रुखरुख, चुटपुट. मुलगी सासरी निघाली की हुरहुर. बोलायला नको होतं ते बोलून गेलो की रुखरुख. तुकडे करून बघा, हुर, रुख, चुट यांना त्या अर्थानं स्वतःचं आयुष्य नाही. म्हणजे घडण आवाजी शब्दांचीच, फक्त आवाज गेला आणि भाव राहिला. शाळेत ‘भाव’ हा शब्द ऐकून मुलं जे शब्द शोधतात ते बहुधा हेच असतात. व्याकरणाच्या अर्थानं ही सगळी भाववाचक नामं आहेतच, पण त्यांच्यात भावना आहे म्हणून नव्हे. ती अवस्थेची नावं आहेत म्हणून. ‘अरेरे’, ‘छी’, ‘अबब’ यांतही भावना ठासून भरलेली असते, तरी ती नामं नाहीत. ती केवलप्रयोगी अव्ययं.

मनाच्या ढिगात तोडून बघण्याची पायरी विसरायची नाही. धाकधूक तोडली की ‘धाक’ हाती येतो, भीती. म्हणजे हा अंशाभ्यस्त, अनुकरण नाही. घालमेलीत ‘घालणे’ दिसतं. दोन्ही भाववाचक नामं आहेत, पण अनुकरणातून आलेली नाहीत.

शरीराच्या ढिगाबद्दल एक आठवण. माझ्या सासूबाईंच्या बोटाला नखुरडं झालं होतं. डॉक्टर हिंदी बोलणारे. “दर्द कैसा है?” त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “ठसठसतंय.” मी मध्ये पडून ‘बहुत दर्द है’ असं सांगितलं. सासूबाई माझ्यावर रागावल्या. “बहुत नाही, ठसठसतंय,” असं म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडमीट करून डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांना ते लगेच कळलं. त्या शब्दात दुखण्याचा ठेका होता, आणि तो मी भाषांतरात घालवला होता.

तिसरी पायरी: शब्दाची शेपटी बघा

शब्द अनुकरणाचा आहे हे ठरलं. आता तो या वाक्यात काय काम करतोय? हे नुसत्या शब्दाकडे बघून सांगता येत नाही, शेपटी आणि शेजारी दोन्ही बघावे लागतात. एकच ‘कडकड’ घ्या.

‘विजा कडकडल्या’ यात तो क्रियापद आहे. ‘विजांचा कडकडाट’ यात नाम, आणि भाववाचक. ‘कडकडीत पाणी’ यात विशेषण. ‘ती आईला कडकडून भेटली’ यात क्रियाविशेषण, भेटली कशी? कडकडून. चार वाक्यं, चार जाती, घडण एकच. म्हणून ‘कडकड भाववाचक आहे का?’ या प्रश्नाला ‘कुठल्या वाक्यात?’ हेच उत्तर आहे.

शेपट्या ओळखायला सोप्या आहेत. ‘आट’ आलं की नाम: गडगडाट, खळखळाट, थयथयाट. ‘ईत’ आलं की विशेषण: कुरकुरीत, खणखणीत, ठणठणीत. शेवटी ‘ऊन’ किंवा ‘आ’ आला की बहुधा क्रियाविशेषण: खळखळून हसणं, गटागटा पिणं, ढसढसा रडणं. शेपूट नसलेला उघडा शब्द मात्र दोन्हीकडे जातो. ‘पाऊस रिमझिम पडतो’ यात पडतो कसा याचं उत्तर रिमझिम, म्हणून क्रियाविशेषण. ‘पावसाची रिमझिम थांबली’ यात थांबली काय? रिमझिम. म्हणून नाम. आधीच्या शब्दाला चा, ची, चे लागलं असेल तर पुढे नाम आहे हे जवळपास नक्की.

शेपटीबरोबर अर्थही सरकतो, आणि तो सरकलेला अर्थ वाक्यातच कळतो. खडखडाट हा रिकाम्या डब्याचा आवाज. म्हणून ‘महिनाअखेरीला खिशात खडखडाट’ म्हटलं तर तिथे आवाज नाही, रिकामेपण आहे. ‘आजोबा ठणठणीत आहेत’ यामागे बोटानं वाजवून पारखलेलं मडकं आहे. तडा गेलेलं मडकं ठणठण वाजत नाही. आणि पटकन, चटकन यांतला आवाज तर आपण विसरूनच गेलो, आता तिथे फक्त वेग उरला आहे. अशा शब्दांना मी ‘मूळ अनुकरणाचं, इथे अर्थ वेगाचा’ असं दोन भागांत लिहायला सांगते. एकच शिक्का मारला तर अर्धी गोष्ट हरवते.

खाण्याच्या शब्दांत हे फार छान दिसतं. आमच्या सराफ्यात, म्हणजे इंदौरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, थंडीत तळलेला गराडू हा कंद खाल्ला तर तो वरून कुरकुरीत लागतो, आणि दाताखाली खरंच कुर्र वाजतं. दिवाळीतली करंजी खुसखुशीत, ती वाजते त्याहून जास्त विरते. पुरणपोळी लुसलुशीत, तिथे काहीच वाजत नाही. तिन्ही विशेषणं एकाच साच्यातली, पण पहिलं कानाचं, तिसरं जिभेचं आणि बोटांचं, मधलं दोन्हीकडे पाय ठेवून.

इंदौरच्या मुलांची खास चूक

आता आमच्या गावाची अडचण. हिंदीत या शब्दांना ‘आहट’ लागतं आणि ते स्त्रीलिंगी असतात: बादलों की गड़गड़ाहट, पत्तों की सरसराहट. मराठीत ‘आट’ लागतं आणि शब्द पुल्लिंगी होतो: ढगांचा गडगडाट. कानात हिंदी भरलेली मुलं दोन्ही मिसळून ‘ढगांची गडगडाट झाली’ असं बोलतात. दुसऱ्या गावच्या मराठी मुलांकडून ही चूक मी क्वचितच ऐकली, इथे मात्र दर आठवड्याला ऐकते.

यावर सरळ नियम आहे. उघडा दुहेरी शब्द नाम म्हणून आला तर तो स्त्रीलिंगी: ती सळसळ, ती कुजबुज, ती किलबिल. त्यालाच ‘आट’ लागलं की तो: तो सळसळाट, तो किलबिलाट. मुलं यावर लगेच भरभराट आणि घबराट पुढे करतात, ‘भरभराट झाली’, ‘घबराट पसरली’, दोन्ही स्त्रीलिंगी. पण त्यांना पहिली पायरी लावून बघा. भरभराटीत ‘भर’ अर्थासकट उभा आहे, आणि घबराट दुहेरी नाहीच. दोन्ही आवाजाचे शब्द नाहीत. मला भेटलेले अपवाद असे आवाजाच्या बाहेरचेच निघाले, त्यामुळे मुलांना हा नियम मी निर्धास्तपणे देते.

दुसरी अडचण सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. हिंदीतली चुलबुली मुलगी खेळकर असते. मराठीतली चुळबुळ म्हणजे बसल्या जागी होणारी अस्वस्थ हालचाल. एका मुलानं निबंधात ‘माझी बहीण खूप चुळबुळी आहे’ असं कौतुकानं लिहिलं होतं. हिंदीतला झुनझुना म्हणजे आपला खुळखुळा. आणि दार ‘खटखटवलं’ असं इथे सगळेच म्हणतात, मीही म्हणते, पण आजीचा शब्द ‘ठोठावलं’ असा होता. त्यातला ‘ठो ठो’ ऐकून बघा, लाकडी दारावरची मूठ ऐकू येते.

शंका उरली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे. त्यात अशा पुष्कळ शब्दांपुढे ते अनुकरणातून आल्याची खूण केलेली सापडते. मोठ्या मुलांना मी तो शोध घ्यायला लावते, पण आपला अंदाज आधी वहीत लिहून ठेवल्यानंतरच.

एक उतारा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

हा उतारा मी वर्गासाठी लिहिला आहे. आधी सलग वाचा.

‘संध्याकाळी ढगांचा गडगडाट सुरू झाला. वीज कडाडली तशी आजी लगबगीनं गच्चीवर गेली, कारण दोरीवरचे कपडे फडफडत होते. इतक्यात खिडकीची काच खळ्‌कन फुटली आणि आईच्या काळजात धस्स झालं. आजोबा हळूहळू जिना उतरले. पावसाची रिपरिप चालूच होती. बाबांची फटफटी दारात येईपर्यंत आईच्या जिवाची घालमेल थांबली नाही. मग कढईत मोहरी तडतडली, आणि सगळ्यांनी कुरकुरीत शेव घातलेले पोहे खाल्ले.’

गडगडाट. तोडला तर ‘गड’ या अर्थानं उभा राहत नाही. कानाला ऐकू येतो. ‘आट’ आहे, मागे ‘ढगांचा’ आहे. अनुकरणवाचक, भाववाचक नाम, पुल्लिंगी.

कडाडली. स्वर लांबलेला, एकच मोठा आवाज. क्रियापद. अनुकरणवाचक आहे, भाववाचक म्हणता येत नाही, कारण ते नाम नाही.

लगबगीनं. इथे थांबावं लागतं. कानाला काही ऐकू येत नाही, दिसते ती घाई. तुकडे अर्थानं उभे राहत नाहीत. ‘लगबग’ हे अवस्थेचं नाव, म्हणून भाववाचक नाम. इथे तृतीयेचा प्रत्यय लागून ते ‘कशी गेली’ याचं उत्तर देतं. घडणीबद्दल मुलांमध्ये दोन पक्ष पडतात. आवाज नाही म्हणून अनुकरण नाही, असं एक म्हणतो. हालचालीचंही अनुकरण होतं, गरगरसारखं, असं दुसरा म्हणतो. मी दुसऱ्या पक्षाची आहे. पण पहिल्या पक्षातल्या मुलानं कारण लिहिलं असेल तर गुण पूर्ण देते.

फडफडत होते. कपड्यांचा आवाज, क्रियापद. सरळ आहे.

खळ्‌कन. ‘कन’ची शेपटी, एकदाच. फुटली कशी? खळ्‌कन. अनुकरणवाचक क्रियाविशेषण. काच एकदाच फुटते, म्हणून इथे ‘खळखळ’ चालणार नाही. खळखळ लिहिलं तर वाचणाऱ्याला नाला दिसेल.

धस्स. दुहेरी नाही, ‘कन’ही नाही, म्हणून बहुतेक मुलं हा सोडून देतात. आकार पडण्याच्या आवाजाचा, पण काळजात काही पडत नाही. आवाजाचा शब्द मनासाठी वापरला आहे. अनुकरणवाचक, अर्थ भीतीचा. ‘धस्स होणं’ असा तो क्रियापदाबरोबर जोडूनच येतो, त्याचा ‘धस्साट’ होत नाही, म्हणून त्याला भाववाचक नाम म्हणण्याची घाई करू नये.

हळूहळू. सापळा. ‘हळू’ एकटा उभा राहतो. पूर्णाभ्यस्त, अनुकरण नाही.

रिपरिप. ‘पावसाची’ मागे आहे, म्हणजे नाम. शेपूट नाही, म्हणून स्त्रीलिंगी. दोन्ही शिक्के.

फटफटी. अनुकरणवाचक, पण दारात उभी. सामान्यनाम.

घालमेल. ‘घालणे’ दिसतं, अनुकरण नाही. मनाच्या अवस्थेचं नाव, भाववाचक नाम. उताऱ्यातला हा एकच शब्द असा, ज्याला भाववाचक हा शिक्का आहे आणि अनुकरणवाचक हा मुळीच नाही.

तडतडली. मोहरीचा आवाज, क्रियापद. कुरकुरीत. ‘ईत’, शेवेचं विशेषण, कानाला ऐकू येतं.

हा उतारा वहीत उतरवताना मुलांनी चार रकाने आखायचे: शब्द, घडण, जात आणि ‘कशावरून’. चौथा रकाना रिकामा राहिला तर पहिले तीन बरोबर असले तरी मी ते तपासत नाही. ती फुलीवाली वही आणणारी मुलगी आता या रकान्यात एकच शब्द लिहिते, ‘तोडला’ किंवा ‘ऐकला’ किंवा ‘शेपटी’. लगबगीपुढे तिनं तिन्ही लिहिले होते आणि खाली पेन्सिलीनं विचारलं होतं, “मावशी, धावपळ पण अशीच का?” तुम्हीच तोडून बघा. ‘धाव’ उभा राहतो, ‘पळ’ही उभा राहतो.